आटवताना काय उडून जाते?

कर्बोदके, प्रथिने, स्निग्ध पदार्थ, मग जीवनसत्त्वे आणि शेवटी अभावजन्य आजार. पोषणशास्त्राच्या पुस्तकातले हे प्रकरण लांबलचक असते आणि परीक्षा जवळ आली की ते एका पानाच्या कोष्टकात बसवले जाते. या कोष्टकावरून आहारशास्त्र शिकवणाऱ्यांत दोन तट पडलेले दिसतात. एक तट म्हणतो, कोष्टकांनी विद्यार्थ्यांचे वाचन संपवले, ती बंद करा. दुसरा म्हणतो, वॉर्डात रुग्णासमोर उभे राहिल्यावर साठ पाने आठवत नाहीत, कोष्टकच आठवते. वाद वर्षानुवर्षे याच दोन वाक्यांभोवती फिरतो आहे. कोष्टक असावे की नसावे एवढेच विचारले जाते, त्यात रकाने कोणते असावेत हे फारसे कोणी विचारत नाही.

माझे मत असे आहे की कोष्टक हवेच, पण आज सर्रास चालते ते नको. ‘पोषक घटक, स्रोत, आजार’ हे तीन रकाने म्हणजे प्रकरणाचा सारांश नव्हे. प्रकरणातली नामे उचलून ती शेजारी शेजारी ठेवलेली यादी आहे. आजार का होतो, किती दिवसांनी होतो, कोणत्या वाटेने होतो आणि एका घटकाची कमतरता दुसऱ्यावर कशी अवलंबून असते, हा प्रकरणाचा खरा ऐवज त्यात येतच नाही. शिवाय मॅक्रोन्यूट्रियंटचे एक कोष्टक आणि जीवनसत्त्वांचे दुसरे अशी फाळणी केली, की या दोघांना जोडणारे धागे नेमके कात्रीत सापडतात.

विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा आधी मान्य करायला हवा. कारण न कळताही ‘हा आजार, हा पदार्थ’ एवढ्या जोडीने माणसे वाचलेली आहेत. १७४७ मध्ये जेम्स लिंड याने जहाजावरच्या स्कर्व्हीच्या बारा खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री आणि लिंबे मिळालेली जोडी झपाट्याने सुधारली. ‘जीवनसत्त्व क’ हा शब्द तेव्हा दीडशे वर्षांहून अधिक लांब होता. जपानी नौदलात ताकाकी कानेहिरो यांनी केलेले काम तर याहून बोलके आहे. १८८२-८३ मध्ये ‘र्‍युजो’ या जहाजाच्या लांबच्या सफरीत ३७६ जणांपैकी १६९ जणांना बेरीबेरी झाला आणि २५ जण दगावले. ताकाकींनी पुढच्या जहाजाला त्याच मार्गाने पाठवले, पण पांढऱ्या भातावर भर असलेला आहार बदलून. आजार जवळजवळ नाहीसा झाला. त्यांनी दिलेले कारण चुकीचे होते, आहारात नत्र कमी आणि कार्बन जास्त पडतो असे त्यांना वाटत होते. तरी खलाशी वाचले. मग विद्यार्थ्याला कारणे शिकवण्याचा एवढा अट्टहास कशाला?

याचे उत्तर याच दोन गोष्टींच्या पुढच्या भागात आहे. लिंडला ताजी फळे महिनोन्‌महिने जहाजावर टिकवता येत नव्हती, म्हणून त्याने रस मंद आचेवर तासन्‌तास आटवून त्याचा घट्ट अर्क करण्याची शिफारस केली. त्याला ‘रॉब’ म्हणत. एवढाली टोपलीभर फळे एका बाटलीत मावत. पण उष्णतेने आणि हवेने जे नष्ट होते तेच त्या रसात कामाचे होते. नेमका कोणता अंश जपायचा हे ठाऊक नसल्याने आंबटपणा बाटलीत राहिला आणि गुण उडून गेला. पुढे १७९५ पासून ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस नियमित द्यायला सुरुवात केली तेव्हा स्कर्व्ही हटला. मग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या लिंबाऐवजी वेस्ट इंडीजमधले लाइम, म्हणजे लिंबाचीच वेगळी जात, आले. तेही आंबटच, त्यामुळे कोणाला फरक वाटला नाही. १८७५ च्या ब्रिटिश आर्क्टिक मोहिमेत लाइमचा रस सोबत असूनही स्कर्व्ही उसळला. त्या रसात जीवनसत्त्व क पुष्कळ कमी असते आणि साठवणीत तेही घटते. ‘आंबट फळ – स्कर्व्ही’ ही जोडी पाठ होती, पण ती कुठे लागू पडत नाही हे त्या जोडीत लिहिलेले नव्हते. ताकाकींच्या बाबतीतही तसेच झाले. त्यांचे स्पष्टीकरण पटण्याजोगे नव्हते म्हणून जपानी लष्कराने त्यांचा आहार बराच काळ स्वीकारला नाही आणि रुसो-जपानी युद्धात सैनिकांमध्ये बेरीबेरीने थैमान घातले. जोडी बरोबर असूनही कारण चुकले, तर ती जोडी पुढे टिकत नाही आणि दुसऱ्याला पटवूनही देता येत नाही.

संक्षेप म्हणजे आटवणेच. ते वाईट नाही. पण आटवणाऱ्याला उडून जाणारे काय आणि तळाशी राहणारे काय हे ठाऊक असावे लागते.

आजच्या कोष्टकांत सर्वांत महाग पडणारी ओळ प्रथिनांची आहे. तिथे ठरलेला मजकूर असतो : प्रथिनांचा अभाव म्हणजे क्वाशिओरकर, ऊर्जेचा अभाव म्हणजे मरास्मस. पहिल्यात मूल सुजते, दुसऱ्यात वाळून जाते. वाचायला किती नेटके! सिसिली विल्यम्स यांनी १९३३ मध्ये आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टवर या सुजलेल्या बालकांचे वर्णन केले आणि १९३५ मध्ये स्थानिक भाषेतला ‘क्वाशिओरकर’ हा शब्द वैद्यकात आणला. धाकटे भावंड आल्यावर आईच्या दुधापासून दूर झालेल्या मुलाचा आजार, असा त्याचा आशय. दूध सुटले, मग मक्याची पातळ पेज सुरू झाली, म्हणजे प्रथिने कमी पडली असणार, असा तर्क पुढे पक्का होत गेला. १९५० आणि १९६० च्या दशकांत जगाची पोषणसमस्या म्हणजे प्रथिनांची दरी असे मानून आंतरराष्ट्रीय कार्यक्रम आखले गेले. १९७४ मध्ये डोनाल्ड मॅक्लारेन यांनी या साऱ्याला ‘प्रथिनांचा महाफजितवाडा’ अशा अर्थाचे नाव देऊन जाहीर टीका केली. त्याआधी सी. गोपालन यांनी दाखवले होते की क्वाशिओरकर झालेल्या आणि मरास्मस झालेल्या मुलांच्या आधीच्या आहारात तसा फरक सापडत नाही. २०१३ मध्ये मलावीतल्या जुळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाच घरात, एकाच आहारावर वाढणाऱ्या जुळ्यांपैकी एकाला क्वाशिओरकर होतो आणि दुसऱ्याला होत नाही, असे त्यात दिसले आणि आतड्यातल्या जिवाणूंकडे बोट गेले.

हा सगळा इतिहास कोष्टकात कशाला, असे कोणी म्हणेल. इतिहास नकोच, पण त्याचा परिणाम हवा, कारण ही ओळ चुकीची पाठ असलेला विद्यार्थी उपचारात चुकतो. सुजलेले मूल समोर आले की त्याच्या डोक्यात ‘प्रथिने कमी’ येते आणि तो पहिल्याच दिवसापासून भरपूर प्रथिनांचा आहार सुचवतो. जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत याच्या अगदी उलट आहे. पहिल्या, स्थिर करण्याच्या टप्प्यात एफ-७५ हे दूध देतात. त्याच्या १०० मिलिलिटरमध्ये ७५ किलोकॅलरी असतात आणि प्रथिने जेमतेम ०.९ ग्रॅम. सूज तीव्र असलेल्या ७ किलो वजनाच्या मुलाला किलोमागे १०० मिलिलिटर या हिशेबाने दिवसाला ७०० मिलिलिटर मिळते. म्हणजे ५२५ किलोकॅलरी आणि ६.३ ग्रॅम प्रथिने, किलोमागे एक ग्रॅमहूनही कमी. एवढ्या कमी प्रथिनांवर सूज उतरते. १९८० च्या दशकात मायकेल गोल्डन यांनी सूज उतरण्याचा प्रथिनांच्या प्रमाणाशी संबंध लागत नाही हे दाखवून दिले, आणि प्रथिनअभावाच्या सिद्धांताला सर्वांत मोठा तडा गेला तो इथेच.

या टप्प्यात मुलाचे यकृत, मूत्रपिंडे आणि हृदय इतकी मंदावलेली असतात की प्रथिनांचा आणि क्षारांचा भार त्यांना पेलत नाही. अंगात सोडियम साठलेले असते आणि पोटॅशियम घटलेले असते, म्हणून सूज उतरवण्यासाठी लघवीचे औषध देणे धोक्याचे ठरते. लोहही याच टप्प्यात देत नाहीत, संसर्ग बळावण्याची भीती असते. भूक परत आली आणि सूज ओसरू लागली की मग एफ-१००, ज्यात १०० मिलिलिटरला २.९ ग्रॅम प्रथिने असतात. प्रथिने लागतात, भरपूर लागतात, पण नंतर. तीन रकान्यांच्या कोष्टकात ‘नंतर’ हा शब्द मावायला जागाच नसते.

मग त्या चौकटीत काय लिहावे? ‘सुजेसह तीव्र कुपोषण. कारण पूर्ण ठरलेले नाही. अपुरा आहार, संसर्ग, आतड्यातले बदल यांचा संगम. आधी कमी प्रथिने, मग वाढवत नेणे.’ विद्यार्थ्याला ‘कारण पूर्ण ठरलेले नाही’ असे लिहिलेली चौकट दिली तर तो गोंधळेल, असे काही शिक्षकांना वाटते. मला नेमके उलटे वाटते. चुकीच्या खात्रीने तो रुग्णापाशी गोंधळेल, त्यापेक्षा वर्गात गोंधळलेला बरा.

दुसरी ओळ नायसिनची. ठरलेला मजकूर : नायसिन, मांस-मासे-शेंगदाणे, पेलाग्रा. त्याखाली तीन लक्षणे, त्वचादाह, जुलाब आणि भ्रम. यात खोटे काही नाही, तरी एवढ्यावर आहाराचा हिशेब करायला बसलेला विद्यार्थी सरळ उलट्या उत्तरावर पोहोचू शकतो. एका प्रौढ स्त्रीची गरज १४ मिलिग्रॅम नायसिन-सममूल्य धरू. पहिल्या आहारात तयार नायसिन ५ मिलिग्रॅम आहे आणि दूध, अंडी, डाळी अशी मिश्र प्रथिने ६० ग्रॅम. दुसऱ्या आहारात मुख्य अन्न मका, तयार नायसिन ८ मिलिग्रॅम आणि प्रथिने ४५ ग्रॅम, तीही बहुतेक मक्याचीच. नुसता नायसिनचा आकडा पाहिला तर दुसरा आहार बरा वाटेल.

आता प्रथिनांची ओळ जोडून पाहू. शरीर ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून नायसिन बनवते, सरासरी ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनमागे १ मिलिग्रॅम. मिश्र प्रथिनांत ट्रिप्टोफॅन साधारण १ टक्का धरले तर पहिल्या आहारात ६०० मिलिग्रॅम, म्हणजे १० मिलिग्रॅम नायसिन-सममूल्य. तयार ५ मिळवले की १५. गरज भागली. मक्याच्या प्रथिनात ट्रिप्टोफॅन फार कमी, साधारण ०.६ टक्के. म्हणजे दुसऱ्या आहारात २७० मिलिग्रॅम, त्याचे ४.५. शिवाय मक्यातले नायसिन बांधलेल्या रूपात असते आणि त्यातले बरेचसे आतड्यात सुटत नाही. सोयीसाठी ३० टक्के सुटते असे धरले तर ८ पैकी २.४. बेरीज ६.९, गरजेच्या निम्मी. ज्या आहारात नायसिनचा आकडा मोठा होता तोच आहार पेलाग्राकडे नेतो. हाच मका मध्य अमेरिकेतले लोक चुन्याच्या पाण्यात शिजवून वापरत. अल्कलीने बांधलेले नायसिन मोकळे होते. मका युरोपात गेला, ही कृती मात्र मागे राहिली. १७३५ मध्ये स्पेनमध्ये गास्पार कासाल यांनी जो आजार पाहून त्याचे वर्णन केले तो पेलाग्रा.

जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ नंतर अमेरिकेतल्या अनाथाश्रमांत दूध, अंडी, मांस वाढवून पेलाग्रा थोपवला. १९३७ मध्ये कॉनराड एल्वेहेम यांनी नायसिनची ओळख पटवली, तेव्हा एक कोडे उभे राहिले. दुधात नायसिन जवळपास नाहीच, १०० ग्रॅमला ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास, मग दुधाने पेलाग्रा कसा बरा होत होता? उत्तर १९४५ मध्ये ट्रिप्टोफॅनच्या रूपाने मिळाले. विचार करा, आठ वर्षे ज्या प्रश्नाने शास्त्रज्ञांना अडवले तोच प्रश्न आजचे फाळणी केलेले कोष्टक विद्यार्थ्यापुढे पुन्हा उभा करते, कारण प्रथिने एका पानावर आणि नायसिन दुसऱ्या. याच धाग्यावर पुढची गाठही आहे. ट्रिप्टोफॅनचे नायसिन होताना जीवनसत्त्व ब-६ आणि रायबोफ्लेविन लागतात. क्षयरोगावरचे आयसोनायझिड ब-६ ला निकामी करते, म्हणून आहार ठीक असूनही त्या औषधावरच्या रुग्णाला पेलाग्रा होऊ शकतो. ‘स्रोत’ हा रकाना कितीही भरला तरी तो तिथे पोहोचवत नाही. ‘तुटवडा कोणत्या वाटेने येतो’ असा रकाना असता तर त्यात चार छोट्या नोंदी पुरल्या असत्या : आहारात नाही, शोषले जात नाही, गरज वाढली, औषधाने अडवले.

तिसरी ओळ थायमिनची, आणि माझ्या दृष्टीने कोष्टकाची खरी परीक्षा इथे होते. एक प्रसंग घेऊ. लठ्ठपणासाठी जठराची शस्त्रक्रिया होऊन पाच आठवडे झालेला रुग्ण, गेले तीन आठवडे सारखी उलटी, खाणे नगण्य. अशक्तपणासाठी ग्लुकोजचे सलाइन लावले आहे. आता त्याला एकाचे दोन दिसू लागले आहेत, चालताना तोल जातो आणि बोलण्यात संगती नाही. तीन रकान्यांचे कोष्टक पाठ असलेला विद्यार्थी ‘बेरीबेरी’ शोधत जातो : पायाला सूज, नसांचा दाह, हृदयाची दुर्बलता. यातले इथे काहीच ठळक नाही. दृष्टीची तक्रार म्हणून त्याचे लक्ष जीवनसत्त्व अ च्या ओळीकडे जाण्याचीही शक्यता आहे.

तोच विद्यार्थी वेगळे रकाने घेऊन आला तर काय होईल? काम : ग्लुकोजपासून ऊर्जा काढण्याच्या वाटेवर पायरुव्हेटला पुढे ढकलणारा मदतनीस. हा नसेल तर पायरुव्हेट अडते आणि लॅक्टिक आम्ल साचते. साठा : सगळ्या शरीरात मिळून जेमतेम २५ ते ३० मिलिग्रॅम, पुरवठा थांबला तर दोन ते तीन आठवडे. वाट : सततची उलटी, दारू, शस्त्रक्रिया. जोडलेली ओळ : कर्बोदके वाढली की गरज वाढते. उशिराची खूण : डोळ्यांच्या हालचाली बिघडणे, तोल जाणे, गोंधळ, म्हणजे वेर्निके. या पाच नोंदी एका दमात वाचल्या की रुग्णाचे चित्र आपोआप जुळते. तीन आठवड्यांची उलटी आणि तीन आठवड्यांचा साठा, त्यावर ग्लुकोजची भर. आहारतज्ज्ञाने तिथल्या तिथे डॉक्टरांना सांगायचे असते की थायमिन शिरेतून द्यायला हवे, ग्लुकोजच्या आधी किंवा निदान सोबत, आणि रक्ताच्या तपासणीची वाट पाहत थांबू नये. डोळ्यांची लक्षणे सुधारायला तास-दिवस लागतात. पण उशीर झाला तर स्मृतीचा बिघाड कायमचा राहतो.

कर्बोदकांच्या ओळीत ‘अभावजन्य आजार’ या रकान्याखाली बहुतेक कोष्टकांत एक आडवी रेघ असते. रेघ बरोबर आहे, अत्यावश्यक असे कर्बोदक नाही. पण त्या रिकाम्या चौकटीतच हा धागा लिहायला हवा होता. १९९७ मध्ये अमेरिकेत शिरेतून द्यायच्या मल्टिव्हिटॅमिनचा तुटवडा पडला होता, तेव्हा पूर्णपणे शिरेतून पोषण घेणाऱ्या काही रुग्णांना थायमिनअभावी गंभीर लॅक्टिक ॲसिडोसिस झाला. ग्लुकोज, अमिनो आम्ले, स्निग्धांश सारे ठरल्या मापाने जात होते. मॅक्रोन्यूट्रियंटचे पान अचूक होते, जीवनसत्त्वांचे पान तेवढे गैरहजर होते.

साठ्याच्या रकान्याबद्दल थोडे अधिक बोलायला हवे, कारण तो क्वचितच दिसतो आणि सर्वांत कमी जागेत सर्वांत जास्त काम करतो. थायमिन दोन-तीन आठवडे. जीवनसत्त्व क चा पुरवठा पूर्ण थांबला तर एक ते तीन महिन्यांत स्कर्व्ही. फोलेट तीन-चार महिने. जीवनसत्त्व अ यकृतात कित्येक महिने पुरते, ब-१२ काही वर्षे. एवढे पाच आकडे डोक्यात असले की रुग्णाला विचारायचा पहिला प्रश्न बदलतो. ‘काय खाता?’ याआधी ‘किती दिवसांपासून असे खाता?’ येते. दीड महिना खाणे बिघडलेल्या माणसात ब-१२ ची कमतरता सापडली तर ती या दीड महिन्याची नाही, हे लगेच कळते आणि मग शोषणाकडे, जठराकडे, जुन्या औषधांकडे लक्ष वळते.

आता जागेचा आक्षेप. एवढे रकाने घातले तर ते कोष्टक राहील का, पुन्हा प्रकरणच होईल की! आक्षेप रास्त आहे. म्हणूनच काहीतरी काढावे लागेल, आणि मी ‘स्रोत’ हा रकाना काढीन. हे ऐकून आहारशास्त्राचे शिक्षक दचकतात, कारण पदार्थ हेच तर आपले शस्त्र. पण तो रकाना नीट वाचून पाहा. दूध, अंडी, यकृत, हिरव्या पालेभाज्या, पूर्ण धान्ये हेच शब्द ओळीमागून ओळी फिरून येतात. जो शब्द दहा ओळींत येतो तो कुठल्याच ओळीला वेगळी ओळख देत नाही. पदार्थांचे कोष्टक स्वतंत्र असावे आणि ते पदार्थापासून सुरू व्हावे, म्हणजे एका पदार्थासमोर त्यातले मोलाचे दोन-तीन घटक आणि ते कशाने नासतात हे लिहिता येईल. मुख्य कोष्टकात फक्त सापळ्याच्या जागा ठेवाव्यात : मक्यातले नायसिन बांधलेले असते, ब-१२ वनस्पतीजन्य अन्नात नसते, भाज्यांतले १२ मायक्रोग्रॅम बीटा-कॅरोटीन १ मायक्रोग्रॅम रेटिनॉलइतके भरते आणि तेही जेवणात स्निग्धांश असेल तर. शोधाची वर्षे, रासायनिक पर्यायी नावे, प्रत्येक वयोगटाच्या गरजेचे आकडे हेही बाहेर जाऊ शकतात. गरजेचे आकडे छापील तक्त्यात पाहून घेता येतात, आणि वॉर्डात ते पाहूनच घ्यावेत.

भरण्याचा क्रमही उलटा करावा लागतो. प्रकरण वाचताना विद्यार्थी जाड ठशातले शब्द, म्हणजे नामे, उतरवून घेतात. त्याऐवजी पहिल्या वाचनात ‘म्हणून’, ‘नसेल तर’, ‘सोबत’, ‘नंतर’ असे शब्द असलेली वाक्ये तेवढी खुणावून घ्यावीत. एका जीवनसत्त्वामागे अशी तीन-चार वाक्ये निघतात. दुसऱ्या वाचनात त्या वाक्यांना काम, साठा, वाट, पहिली खूण, उशिराची खूण आणि जोडलेली ओळ यांपैकी कुठे बसवायचे ते ठरवावे. आजाराचे नाव सर्वांत शेवटी लिहावे, कारण ते आधी लिहिले की बाकीच्या चौकटी त्या नावाला साजेशा भरल्या जातात. प्रथिनांच्या ओळीचे तेच झाले होते.

आणखी एक आक्षेप येतो तो परीक्षेचा. प्रश्नपत्रिकेत ‘जोड्या लावा’ असते, मग विद्यार्थी जोड्याच पाठ करणार. हे खरे आहे, आणि यात दोष विद्यार्थ्याचा नाही. पण जोड्या लावण्याचा प्रश्न टिकवूनही तो सुधारता येतो. डावीकडे घटक आणि उजवीकडे आजार याऐवजी डावीकडे परिस्थिती ठेवावी : ‘आयसोनायझिडवर असलेला रुग्ण’, ‘स्निग्धांश पचत नसलेला रुग्ण’, ‘तीन आठवड्यांची उलटी’. उजवीकडे घटक. तेवढेच गुण आणि तपासायला तेवढाच वेळ.

कोष्टक तयार झाल्यावर ते तपासायची माझी पसंतीची जागा म्हणजे तोंडाचे फाटलेले कोपरे. विद्यार्थ्याने ती खूण फक्त रायबोफ्लेविनच्या ओळीत लिहिली असेल, तर त्याने नामे उतरवली आहेत. तीच खूण लोह, ब-६, नायसिन, फोलेट, ब-१२ यांच्या कमतरतेतही दिसते. वयस्क माणसात कित्येकदा ती न बसणाऱ्या कवळीमुळे आणि तिथल्या बुरशीमुळे असते, आहाराचा काही दोष नसतो. लाल, गुळगुळीत जिभेचेही तेच. मोठ्या पेशींचा ॲनिमिया फोलेट आणि ब-१२ दोन्हींच्या ओळीत यायला हवा, आणि फोलेटच्या ‘जोडलेली ओळ’ या चौकटीत एवढे लिहिलेले असावे : ‘ब-१२ कमी असताना नुसते फोलेट दिले तर रक्त सुधारते, पण नसांची हानी चालूच राहते.’ ज्या कोष्टकात एकच खूण चार ओळींत दिसते ते पाहून काही शिक्षक पुनरुक्ती म्हणून लाल रेघ मारतात. ती रेघ मारू नये. पानाच्या मागच्या बाजूला खुणेपासून घटकांकडे जाणारी छोटी उलटी यादी करायला सांगावी, कारण रुग्ण जीवनसत्त्वाचे नाव घेऊन येत नाही, फाटलेले ओठ घेऊन येतो.